विसर्जनाचा निर्णय एप्रिलमधल्या पत्रात

"मूर्ती गेल्या वर्षीसारखीच करा, फक्त यंदा इको-फ्रेंडली." गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता मूर्तिकाराला फोनवर एवढेच सांगतो, थोडे पैसे आगाऊ पाठवतो आणि पुढच्या कामाला लागतो. वर्गणी, मंडपाची परवानगी, देखावा, ढोल-ताशा पथक या धांदलीत मूर्तीचा विषय संपल्यात जमा होतो. तो पुन्हा निघतो थेट विसर्जनानंतर, किनाऱ्यावर किंवा हौदाच्या तळाशी काय उरले याची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात तेव्हा. मग पाण्यावर, माशांवर, पालिकेच्या कारभारावर चर्चा झडते.

ही चर्चा पाच महिने उशिरा होते. मूर्तीमुळे कोणाच्या शरीरात काय जाणार, हे विसर्जनाच्या घाटावर ठरत नाही. मूर्तीची मागणी नोंदवताना ते ठरून जाते. माती कोणती, रंग कोणता, उंची किती, मूर्ती कधी हवी आणि पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार, या पाच गोष्टी मूर्तिकाराच्या कारखान्यातली हवा, मूर्ती उचलणाऱ्यांची पाठ आणि विसर्जनाचे पाणी या तिन्हींचे भवितव्य ठरवतात. म्हणून या पाच गोष्टी लेखी पत्रात असायला हव्यात. ते पत्र म्हणजे व्यवहाराची औपचारिकता नाही. तो आरोग्याचा कागद आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मध्यम वस्तीतल्या मंडळाला तीन फुटांची मूर्ती हवी आहे आणि तिची किंमत छत्तीस हजार रुपये ठरली आहे. यंदा ज्येष्ठ अधिक मास असल्याने गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ रोजी, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा अडीच आठवडे उशिरा येते. त्या मंडळाच्या पत्रात काय लिहिलेले असावे आणि का, हे एकेक कलम घेऊन पाहता येईल.

'इको-फ्रेंडली' हा माल नव्हे

पहिले कलम मूर्ती कशाची, याचे. इथे 'इको-फ्रेंडली' हा शब्द लिहून काहीच साधत नाही, कारण त्या नावाची कोणतीही माती बाजारात मिळत नाही. या शब्दाखाली शाडूची मूर्ती येते, कागदाच्या लगद्याची येते आणि कधी कधी पाण्याचे रंग लावलेली प्लास्टर ऑफ पॅरिसचीही येते. मूर्तिकार फसवतोच असे नाही. त्याने रंग बदलले, म्हणजे मूर्ती पर्यावरणपूरक झाली, असे त्याला प्रामाणिकपणे वाटू शकते.

प्लास्टर आणि शाडू यांतला फरक समजून घेतला, तर पत्रात नेमके काय लिहायचे ते कळते. जिप्सम नावाचा खनिज दगड भाजून त्यातले बरेचसे पाणी काढले की प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी मिळते. ती पाण्यात कालवली की काही मिनिटांत घट्ट होते आणि पुन्हा जिप्समच बनते. म्हणजे रंगवलेली प्लास्टरची मूर्ती हा साच्यात घातलेला जिप्समचा दगड असतो. एक लिटर पाण्यात जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते. मूर्तीत वीस किलो जिप्सम असेल, तर ते पूर्ण विरघळायला निदान आठ ते दहा हजार लिटर ताजे पाणी लागेल, म्हणजे मोठा टँकरभर. तेही रंगाचा थर मध्ये आला नाही तर. वीस लिटरच्या बादलीत चाळीस-पन्नास ग्रॅम विरघळले की पाण्याची धाव संपली. घरच्या बादलीत प्लास्टरची मूर्ती आठवडाभर तशीच का बसून राहते, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

शाडूचे तसे नाही, पण शाडू 'विरघळते' असे म्हणणेही चूक आहे. न भाजलेल्या मातीच्या कणांमध्ये पाणी शिरते, कण एकमेकांपासून सुटतात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. मूर्तीचा आकार जातो, माती तेवढीच राहते. हजारो मूर्तींची शाडू एकाच तळ्यात गेली, तर तिथेही पाणी गढूळ होणार आणि तळ भरत जाणार. शाडूचा खरा फायदा निराळा आहे. हौदाच्या किंवा पिंपाच्या तळाशी बसलेला गाळ उपसता येतो, वाळवता येतो आणि त्याची पुन्हा मूर्ती करता येते. घट्ट झालेल्या प्लास्टरचे घरच्या घरी किंवा कारखान्यात असे पुन्हा काही करता येत नाही.

त्यामुळे पत्रातले वाक्य असे हवे: 'मूर्ती संपूर्ण न भाजलेल्या शाडू मातीची असावी. मुकुट, दागिने, प्रभावळ, उंदीर आणि बैठक यांतही प्लास्टर ऑफ पॅरिस, थर्माकोल किंवा प्लास्टिक नसावे. आतल्या आधारासाठी काथ्या, गवत किंवा लाकूड वापरले असल्यास कळवावे.' दागिन्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. अंग शाडूचे आणि साच्यातून काढलेले नाजूक दागिने प्लास्टरचे, अशी सरमिसळ करणे सोपे असते, कारण शाडूचे पातळ दागिने वाळताना तुटतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये प्लास्टर, थर्माकोल आणि एकदाच वापरायचे प्लास्टिक यांना मनाई आहेच. पत्राने ती मनाई मूर्तीच्या एकेका भागापर्यंत नेली पाहिजे.

एका वडीची परीक्षा

लिहिले तसेच झाले आहे, हे कसे ओळखायचे? मूर्ती खरवडून पाहणे कोणालाही पटणार नाही. त्यासाठी पत्रात आणखी एक ओळ घालावी: 'मूर्तीच्याच मातीच्या, हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या चार वड्या मूर्तीबरोबरच वाळवाव्यात आणि त्यांपैकी दोन मूर्तीच्याच रंगांनी रंगवाव्यात.' मूर्तिकाराला हे काम पाच मिनिटांचे.

मूर्ती वाळल्याचे सांगण्यात आले की बिनरंगाची एक वडी पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडायची. पूर्ण सुकलेली शाडू पाण्यात पडताच बुडबुडे सोडते, कडांनी फुटू लागते आणि थोड्या वेळात तिचा ढीग होतो. प्लास्टरची वडी दुसऱ्या दिवशीही टणक असते. या परीक्षेचा दुसराही उपयोग आहे. आतून ओली असलेली शाडू पाण्यात लवकर फुटत नाही; कोरडीठाक झालेली फुटते, कारण तिच्या मोकळ्या झालेल्या छिद्रांत पाणी वेगाने शिरते. माती खरी आहे आणि सुकलीही आहे, हे दोन्ही एकाच ग्लासात दिसते. वडी मूर्तीपेक्षा पातळ असल्यामुळे आधी सुकते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. वडी ओली निघाली, तर मूर्ती ओली आहेच. वडी सुकलेली निघाली, तर मूर्तीचा सर्वांत जाड भाग, म्हणजे पोट आणि बैठक, हाताच्या पाठीने चाचपून पाहावा. आतले पाणी बाहेर येऊन उडत असेल, तर तो भाग आजूबाजूपेक्षा गार लागतो.

रंगवलेली वडी दुसऱ्या ग्लासात सोडली की रंग काय करतो ते कळते. माती सुटली आणि रंगाची साल तशीच तरंगत राहिली, तर तो रंग पाण्यात कालवलेला असला, तरी सुकल्यावर प्लास्टिकचा पापुद्राच झाला आहे. रंग मातीबरोबर गाळात गेला, तर तो डिंकात किंवा तशाच साध्या चिकट द्रवात कालवलेला आहे.

रंग: 'पारंपरिक' म्हणजे निर्धोक नव्हे

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत गंभीर कलम रंगाचे आहे, आणि तिथे वडीची परीक्षा कामाची नाही. शिसे पाण्यात सोडून दिसत नाही.

झळाळी आणि टिकाऊपणा यांसाठी काही पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांत शिशाची संयुगे वापरली जात आली आहेत. शरीरात गेलेले शिसे रक्तातून हाडांत जाऊन साठते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणात ते रक्तावाटे गर्भापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढा भाग मोठ्या माणसाचे शरीर शोषते, त्याच्या चार ते पाच पट भाग लहान मुलाचे शरीर शोषू शकते, आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो: शिकणे मंदावते, लक्ष लागत नाही, वागणूक बदलते. शिशाची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे नुकसान तापासारखे दिसून येत नाही. मुलाचे पोट अधूनमधून दुखते, रक्त कमी भरते, शाळेतून तक्रार येते. कारण शोधायला कोणी कारखान्यातल्या रंगाच्या डब्यापर्यंत जात नाही.

विसर्जनाच्या पाण्यातले शिसे हा काळजीचा विषय आहेच. पण ते शिसे पाण्यात जाण्याआधी आठवडेच्या आठवडे कोणाच्या तरी हातावर आणि श्वासात असते. पेण, हमरापूर, जोहे या भागांत आणि गावोगावच्या लहान कारखान्यांत मूर्तिकाम बहुधा घरचेच काम असते. पडवीत मूर्ती, शेजारी स्वयंपाक, मधून खेळणारी मुले आणि दुपारी हात पुसून तिथेच घेतलेला चहा. रंगवलेला भाग पुन्हा घासला की त्याची धूळ भांड्यांवर, अंथरुणावर आणि मुलांच्या बोटांवर बसते. 'मूर्तीच्या रंगाचे प्रदूषण' याचा पहिला अर्थ हा आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पत्रात 'रंग नैसर्गिक किंवा पारंपरिक असावेत' एवढेच लिहिले, तर ते पुरेसे नाही, कधी घातकही ठरेल. जुन्या पद्धतीचा शेंदूर हे शिशाचेच संयुग आहे. हिंगूळ पाऱ्याचे आहे, हरताळ आर्सेनिकचे. तिन्ही पारंपरिक आहेत, खनिज आहेत आणि विषारी आहेत. निसर्गाने दिलेले ते सगळे निर्धोक, असा नियम निसर्गात नाही. म्हणून रंगांची नावे लिहावीत: गेरू, पिवडी, खडूचा पांढरा, काजळी, हळद. सोनेरी वर्खाऐवजी मुकुटाला पिवडीचा रंग आणि वरून कापडी किंवा धातूचे दागिने, जे विसर्जनापूर्वी काढून घेता येतील.

विकतचा रंग लागलाच, तर तो पाण्याचा असावा आणि त्याच्या डब्यावर शिशाचे प्रमाण छापलेले असावे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाविषयीचे २०१६ चे केंद्राचे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार अशा रंगात शिसे दहा लाख भागांत नव्वद भागांहून अधिक असता कामा नये आणि तसे डब्यावर लिहायला हवे. सुट्या पुडीतून किंवा बिननावाच्या बाटलीतून आलेल्या रंगाबद्दल असे काहीच सांगता येत नाही. पत्रातले वाक्य असे हवे: 'तैलरंग, इनॅमल, लॅकर, चमकी आणि सुटी पूड वापरू नये. विकतच्या रंगाच्या डब्याचा फोटो व बिल मंडळास द्यावे. त्याचा खर्च मंडळ वेगळा देईल.' शेवटचा अर्धा भाग गाळला, तर आधीच्या साऱ्या अटी कागदावरच राहतील. चांगला रंग महाग असतो आणि ठरलेल्या रकमेतून तो घ्यायचा, तर मूर्तिकार कुठेतरी काटकसर करणारच.

तीन फूट कुठून कुठपर्यंत

उंचीबद्दल सहसा भांडण होते ते मोजण्यावरून. मूर्तिकार गणपतीची उंची सांगतो, मंडळ बैठकीसह धरते आणि प्रभावळ कोणीच धरत नाही. पत्रात 'जमिनीपासून सर्वांत उंच टोकापर्यंत, पाट व प्रभावळीसह तीन फूट. रुंदी दोन फुटांपेक्षा अधिक नको' असे लिहावे. विसर्जनाच्या हौदाची रुंदी आणि पाण्याची खोली आधी पाहून हे आकडे ठरवावेत.

पण खरा मुद्दा वजनाचा आहे. उंची दुप्पट केली की भरीव मूर्तीचे वजन दुप्पट नव्हे, आठपट होते, कारण उंचीबरोबर रुंदी आणि जाडीही दुप्पट होते. दीड फुटांची भरीव मूर्ती दहा किलोची असेल, तर तशीच तीन फुटांची ऐंशी किलोची होईल आणि सहा फुटांची सहाशे चाळीस किलोची. मूर्ती पोकळ केली तर वजन कमी होते, पण मोठ्या मूर्तीची भिंतही जाड ठेवावी लागते, त्यामुळे वाढ चौपटीवर थांबत नाही. एखाद्या फुटाचा हट्ट कार्यकर्त्यांच्या कमरेवर असा उतरतो. ओल्या उतारावर, वाकलेल्या पाठीने, गर्दीत, एका बाजूने झुकलेले ओझे उचलणे ही कण्यातली चकती सरकण्यासाठी अगदी नेमकी स्थिती आहे.

म्हणून पत्रात वजनाची मर्यादा घालावी: 'पाटासह ऐंशी किलोपेक्षा जास्त नको, पाटाला चार जणांना धरता येतील असे दांडे असावेत.' शाडूची मूर्ती हाताला किंवा सोंडेला धरून उचलली की मोडते. दांडे असले, तर मूर्ती वाचते आणि पाठही. मूर्ती मोठी असेल, तर मूर्ती आणि वाहन यांची एकत्र उंची मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या विजेच्या तारांशी पडताळूनच आकडा लिहावा.

उंचीचा संबंध नियमांशीही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करण्याचा आदेश दिला. ती व्यवस्था मार्च २०२६ पर्यंतची होती. अशा तरतुदी वर्षागणिक बदलतात. पत्रात 'विसर्जनाबाबत त्या वर्षी लागू असलेले नियम दोघांनाही बंधनकारक राहतील' अशी ओळ असावी. शाडूची तीन फुटांची मूर्ती ठरवणाऱ्या मंडळाला या बदलांची झळ सर्वांत कमी लागते, ही वेगळी गोष्ट.

घाईचा धूर

आता तारीख. मूर्ती कधी हवी, एवढीच तारीख मंडळाच्या डोक्यात असते. मूर्तिकाराच्या दृष्टीने ती शेवटची तारीख. त्याआधीच्या तीन तारखा कोणी विचारत नाही.

शाडूची मूर्ती सावलीत, हळूहळू सुकावी लागते. बाहेरचा थर आधी आकसला आणि आतला ओला राहिला की तडा जातो. जाड भाग सुकायला पावसाळी हवेत कित्येक आठवडे लागू शकतात. मंडळाने जुलैत मागणी नोंदवली, तर माती चढणार भर पावसात आणि सुकणार ताडपत्रीच्या मंडपात, जिथे हवा आधीच ओलीचिंब. मग हॅलोजनचे दिवे लागतात, शेगड्या पेटतात, कोंदट जागेत कोळशाचा धूर साठतो. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. डोके दुखू लागते, मळमळते, आणि माणूस जागरणाला दोष देतो. एवढे करूनही आतून ओल्या राहिलेल्या मातीवर पाण्याचा रंग धरत नाही, फुगून सुटतो. त्यावर झटपट उपाय म्हणजे लॅकर किंवा तैलरंगाचा थर, थिनरमध्ये पातळ करून स्प्रे गनने मारलेला. बंद मंडपात, रात्री, तोंडाला रुमाल बांधून. थिनरमधल्या टोल्युइनसारख्या द्रव्यांची वाफ रुमाल अडवू शकत नाही. गरगरणे, डोळे चुरचुरणे, हात थरथरणे ही त्याची तात्काळ चिन्हे आहेत. म्हणजे पत्रातली 'तैलरंग नको' ही अट मंडळाच्याच उशिरामुळे मोडते.

घासकामाचेही तेच. माती थोडी ओलसर असताना ओल्या स्पंजाने आणि ब्रशने पृष्ठभाग गुळगुळीत करता येतो. धूळ उडत नाही. ती वेळ टळली की सुकलेल्या मूर्तीवर पॉलिश पेपर चालवावा लागतो. मातीत असलेल्या वाळूचे, म्हणजे सिलिकाचे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कण त्या धुळीतून फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. वर्षानुवर्षे असा श्वास घेतल्यास सिलिकोसिस होऊ शकतो. फुप्फुसातले ते व्रण भरून काढणारे औषध नाही आणि अशा फुप्फुसात क्षयाचा धोकाही वाढतो. चाळिशीतल्या मूर्तिकाराचा सततचा खोकला आणि चढण चढताना लागणारी धाप 'मोसमी' म्हणून सोडून देऊ नये; छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरला आपले काम काय आहे ते आवर्जून सांगावे.

म्हणून उदाहरणातल्या मंडळाने पत्र १५ एप्रिलपूर्वी द्यावे आणि त्यात चार तारखा घालाव्यात. मातीकाम १५ मेपर्यंत पूर्ण. सुकल्याची परीक्षा ३० जूनला; म्हणजे मातीतले बरेचसे पाणी पाऊस धरण्याआधीच गेलेले असेल. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी ३१ ऑगस्टपर्यंत. मूर्ती ताब्यात १० सप्टेंबरला, गुरुवारी, चतुर्थीच्या चार दिवस आधी. मधला काळ मूर्तिकाराच्या सोयीचा आहे. तो त्याला द्यावा. तडा गेला तर बुजवून पुन्हा सुकवायलाही तोच काळ उपयोगी पडतो.

उशीर झाल्यास दंड, ही अट मात्र घालू नये. व्यवहारात ती शहाणपणाची वाटते; आरोग्याच्या दृष्टीने ती उलटी आहे. दिवसाला हजार रुपये कापणार म्हटल्यावर मूर्तिकार जे वाचवू शकतो ते म्हणजे सुकण्याचा वेळ, आणि तो वाचतो शेगडीने व लॅकरने. त्याऐवजी 'टप्प्याला सात दिवसांहून अधिक उशीर होत असल्यास कळवावे. आवश्यक तर नक्षी कमी करण्यास मंडळाची संमती राहील' असे लिहावे. नक्षी कमी झाली, तर कोणाचे काही बिघडत नाही.

पैसे कधी

शेवटचे कलम पैशाचे, आणि बाकीची सगळी कलमे त्याच्यावर उभी आहेत. थोडी आगाऊ रक्कम आणि उरलेले सगळे मूर्ती नेताना, ही प्रचलित रीत. तीत माती, रंग आणि मजुरीचा खर्च मूर्तिकार उसनवारीवर भागवतो. उधारीवर माल देणारा दुकानदार जो रंग देईल तो घ्यावा लागतो, आणि मास्क, पंखा यांसाठी पैसा उरत नाही.

छत्तीस हजारांचे चार भाग करावेत. पत्र स्वीकारल्यावर तीन दिवसांत बारा हजार, माती आणि रंग दोन्ही घेण्यासाठी. मातीकाम पूर्ण झाल्याचे पाहून नऊ हजार. वडीची परीक्षा झाल्यावर, रंग लावण्यापूर्वी, नऊ हजार. ताबा घेताना, उंची आणि वजन मोजून, उरलेले सहा हजार. यात मूर्ती मंडपात येण्यापूर्वी तीस हजार मूर्तिकाराच्या हाती पडलेले असतात, आणि प्रत्येक हप्ता एका अशा क्षणाशी बांधलेला असतो, जिथे चूक अजून दुरुस्त होऊ शकते. माती चुकली, तर रंगाआधी कळते. मूर्ती ओली असेल, तर लॅकरआधी कळते. सगळे पैसे शेवटी ठेवले, तर चूक कळते तेव्हा चतुर्थी दारात असते, आणि मंडळही डोळेझाक करते.

सोबत एक ओळ मंडळाने स्वतःवरही घालून घ्यावी: 'मंडळाकडून हप्ता जितके दिवस उशिरा येईल, तितके दिवस पुढील तारखा पुढे जातील.' वर्गणी जमायला वेळ लागतो, हे खरे. पण पहिला हप्ता गेल्या वर्षीच्या शिल्लकेतून निघू शकतो. देखाव्याच्या आणि ध्वनियंत्रणेच्या खर्चापुढे बारा हजार ही मोठी रक्कम नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मूर्तिकाराशी दोन-तीन पिढ्यांचे नाते आहे. कागद पुढे केला तर त्याला अविश्वास वाटेल. पत्राचा मायना 'स. न. वि. वि.' असाच असावा, अटी त्याच्याबरोबर बसून ठरवाव्यात आणि सुकायला किती दिवस लागतात हे त्याच्याकडूनच ऐकावे. त्याच्याइतके ते कोणालाच ठाऊक नाही. असे पत्र त्याच्याही कामाचे आहे. ऑगस्टमध्ये एखादा पदाधिकारी येऊन "अजून थोडी चमक हवी होती" म्हणाला, तर त्याला दाखवायला मूर्तिकाराजवळ आज काहीच नसते. तो गुपचूप चमकीची बाटली उघडतो.

दुसरा आक्षेप किमतीचा. शाडूची मूर्ती महाग पडते, जड असते आणि जपावी लागते, हे तिन्ही खरे आहे. त्यावर उंची कमी करणे हाच उपाय. पाच फुटांच्या प्लास्टरच्या पैशांत तीन फुटांची शाडूची मूर्ती येत असेल, तर पत्रात तीनच फूट लिहावे.

१० सप्टेंबरला टेम्पो येईल, काट्यावर वजन होईल, टेपने उंची मोजली जाईल आणि उरलेले सहा हजार दिले जातील. रंगवलेल्या दोन वड्यांपैकी एक तेव्हाच ग्लासात सोडावी, दुसरी विसर्जनाच्या दिवशी हौदाजवळ नेऊन मुलांसमोर पाण्यात टाकावी. आणि हौदाचा गाळ बसला की तो पोत्यांत भरून त्याच मूर्तिकाराकडे परत पाठवण्याची जबाबदारी कोणाची, त्या कार्यकर्त्याचे नावही याच पत्रात लिहून ठेवावे.